‘निस्तार’ : चांदा प्रांतांतील एका शब्दाचा इंग्रजी पर्याय

जुन्या चांदा जिल्ह्यांतील गांवांचे महसुली कागद चाळणाऱ्यास ‘निस्तार’ हा शब्द पदोपदीं भेटतो. वैनगंगेच्या कांठीं वसलेल्या वडसा ऊर्फ देसाईगंज या गांवीं आजही त्याची ओळख कोणास सांगावी लागत नाहीं. झाडीपट्टींतील शेतकरी, लोहार, ढिवर, सर्वांच्या तोंडीं तो आहे. येथील वनविभागाला वडशाचेंच नांव असून, या विभागाच्या कारभारांतही निस्ताराचीं प्रकरणें नेहमींचीं आहेत. असा हा घरगुती शब्द इंग्रजींत नेण्याचा प्रयत्न मात्र गेलीं दीडशें वर्षें चालला असून तो अजून पुरा झालेला नाहीं. इंग्रजीशीं पारंगत असलेल्या मंडळींनीं त्यास निरनिराळे प्रतिशब्द दिले. प्रत्येक प्रतिशब्दानें मूळ अर्थाचा कांहीं भाग टाकला. आणि जो भाग टाकला गेला तो कोणाच्या तरी चुलीचा किंवा गुरांच्या चाऱ्याचा होता. म्हणून हा प्रश्न केवळ कोशकारांचा नव्हे. या शब्दाला इंग्रजींत सर्वांत जवळचा शब्द कोणता, आणि तो कोठपर्यंत पुरतो, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

१

प्रथम शब्दाचें मराठींतील रूप पाहूं. ‘तृ’ म्हणजे तरून जाणें, या संस्कृत धातूस ‘निस्’ हा उपसर्ग लागून ‘निस्तार’ होतो. उतार, अवतार, वितरण हे शब्द त्याच धातूचे. संस्कृतांत व संतांच्या वाङ्मयांत निस्तार म्हणजे पैलतीर गांठणें, भवसागरांतून सुटका. देशावरील मराठींत या शब्दाची दुसरी एक छटा रूढ आहे. ‘आपलें आपण निस्तर’ असें आपण म्हणतों, तेव्हां अंगावर आलेलें काम किंवा घातलेला घोळ स्वतः पार पाडण्याचा अर्थ त्यांत असतो. ‘या अडचणींतून निस्तार दिसत नाहीं’ या वाक्यांतही तोच भाव आहे.

झाडीपट्टींतील निस्तार याच अर्थाचा, पण अधिक जमिनीवर उतरलेला आहे. येथें पार पाडावयाचें तें वर्ष होय. पावसाळ्यापूर्वीं घराची शाकारणी, बांधींत पाणी सांचल्यावर लागणारें औत, हिंवाळ्यांतील सरपण, उन्हाळ्यांत गुरांस पाणी व चारा, हें सर्व ज्याच्या आधारें निभतें तो निस्तार. तलावास ‘निस्तारी तलाव’ म्हणतात तेव्हां त्यांतून शेतीस पाणी मिळतें एवढाच अर्थ नसतो. स्नान, धुणें, गुरें पाजणें अशी नित्याची गरज तेथें भागते, असा अर्थ असतो. हा शब्द एकट्या मराठीचा नाहीं. पूर्वेकडील छत्तीसगढी बोलींतही तो याच अर्थानें आहे. वडशाच्या बाजारांत मराठी, गोंडी व छत्तीसगढी बोलणारीं माणसें एकत्र येतात, त्या ठिकाणीं अशा शब्दानें भाषेची सीमा न मानणें स्वाभाविकच होय.

या अर्थांत तीन गोष्टी अंतर्भूत आहेत, त्या वाचकांनीं ध्यानांत धराव्या. पहिली ही कीं, निस्तार गांवच्या रहिवाशाचा असतो. शेत असो वा नसो, त्या गांवीं त्याची चूल पेटते एवढें पुरे. दुसरी ही कीं, त्याचें माप गरज हें आहे. घरास लागेल तेवढें, कमी नाहीं व जास्तही नाहीं. तिसरी ही कीं, निस्तार विकावयाचा नसतो. निस्तारासाठीं आणलेलें सरपण बाजारांत गेलें कीं तें निस्ताराचें राहिलें नाहीं. रहिवास, गरज आणि विक्रीचा अभाव, हे तीन खांब होत. कोणताही इंग्रजी प्रतिशब्द पारखावयाचा तर तो या तिन्हींवर टिकतो कीं नाहीं हें पाहिलें पाहिजे.

२

इंग्रजांचें राज्य येथें इ. स. १८५४ त आलें. तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरांत निपुत्रिक वारल्यावर नागपूरचें राज्य खालसा झालें, आणि १८६१ त मध्यप्रांत नांवाचा नवा प्रांत बनला. चांदा जिल्ह्याची पहिली मोठी जमाबंदी मेजर ल्यूसी स्मिथ यानें केली. तिचा अहवाल १८६९ चा आहे. या जमाबंदींत मालगुजारांस गांवाचे मालक ठरविण्यांत आलें. जे पाटील भोसल्यांच्या अमलांत वसूल देऊन गांव चालवीत, त्यांस आतां मालकी मिळाली. गांवच्या लागवडीच्या मानानें कांहीं पडीत व झाडी गांवाकडे ठेवली गेली, बाकीची सरकारी जंगलांत गेली. वडशाच्या पूर्वेस पलासगड, कोरची, गेवर्धा अशा जमीनदाऱ्या होत्या. तेथील झाडी जमीनदारांच्या ताब्यांत राहिली.

मालक नवा झाला तेव्हां त्याच्या झाडींतून इतरांनीं काय न्यावें हा प्रश्न आपोआपच उभा राहिला. तो सोडविण्यासाठीं गांवोगांव ‘वाजिब-उल-अर्ज’ नांवाचा कागद तयार करण्यांत आला. या फारसी धाटणीच्या नांवाचा अर्थ ‘अर्ज करण्यास योग्य तें’ असा. गांवकऱ्यांनीं आपली रीत सांगावी व ती लिहून ठेवावी असा त्याचा मूळ भाव. इंग्रजींत मात्र त्यास ‘गांवच्या व्यवस्थेचा कागद’ अशा अर्थाचें नांव पडलें. सांगणारा रयत मूळ नांवांत होता, तो भाषांतरांत नाहींसा झाला, व व्यवस्था ठेवणारा अंमलदार पुढें आला. आपल्या विषयाची ही छोटीशी नांदीच म्हणावयाची.

या कागदांतील निस्ताराचीं कलमें इंग्रजींत समजावून देतांना अंमलदारांपुढें चार शब्द होते. ‘कस्टम’ म्हणजे रीत, ‘राइट’ म्हणजे हक्क, ‘प्रिव्हिलेज’ म्हणजे मेहेरबानीची सवलत, आणि ‘ईझमेंट’ म्हणजे सुखाधिकार. यांतील कोणता धरावा यावर पुढील सर्व इतिहास अवलंबून राहिला.

‘रीत’ म्हणून चालणार नव्हतें. कारण रीत ही वस्तुस्थिति सांगते, ती मोडल्यास दाद कोठें मागावी हें सांगत नाहीं. ‘सुखाधिकार’ हा शब्द पहिल्या दृष्टीस बराच जवळचा वाटतो. १८८२ चा सुखाधिकारांचा कायदा प्रथम ज्या थोड्या प्रांतांस लागू झाला त्यांत मद्रास व कूर्ग यांच्या जोडीस मध्यप्रांतही होता. म्हणजे तो चांदा जिल्ह्यास आरंभापासूनच लागू होता. या कायद्याप्रमाणें दुसऱ्याच्या जमिनींतून कांहीं नेण्याचा अधिकारही सुखाधिकारांत बसूं शकतो. पण त्यास एक अट आहे. तो अधिकार कोणत्या तरी विशिष्ट जमिनीच्या उपभोगासाठीं असला पाहिजे. एका बाजूस अधिकार भोगणारी जमीन, दुसऱ्या बाजूस तो सोसणारी जमीन, अशी जोडी लागते. निस्ताराचा पहिला खांब येथेंच कोसळतो. गांवच्या लोहारास शेत नाहीं; त्याच्या भात्याचा कोळसा कोणत्या जमिनीच्या उपभोगासाठीं म्हणावयाचा?

३

राहिले ‘हक्क’ आणि ‘सवलत’ हे दोन शब्द. यांतील झगडा मध्यप्रांतापुरता नव्हता. तो अखिल हिंदुस्थानचा होता. जंगलाचा पहिला कायदा १८६५ त झाला. तो अपुरा पडतो म्हणून नव्या कायद्याचा विचार सुरू झाला, तेव्हां १८७४ त अलाहाबादेस जंगलखात्याच्या अंमलदारांची परिषद भरली. तेथें बेडन-पॉवेल यानें हक्क व सवलत यांतील भेद अत्यंत निकरानें मांडला. त्याच्या मतें देशी राजांच्या वेळीं पडीत व जंगल सरकारचें होतें. लोक त्यांतून लांकूडफांटा नेत ते सरकारनें हरकत घेतली नाहीं म्हणून. अशा वापरास हक्क म्हणतां येत नाहीं. हक्क म्हटला कीं त्याची व्याप्ति, त्याचा धनी व त्याचें प्रमाण निश्चित पाहिजे.

जंगलखात्याचा पहिला मुख्य अधिकारी ब्रँडिस याचा कल इतका कठोर नव्हता. लोकांच्या वहिवाटीस कांहीं तरी स्थान द्यावें, गांवांसाठीं जंगलें राखून ठेवावीं, असें त्याचें मत होतें. मद्रास सरकारनें तर बेडन-पॉवेलचें म्हणणें मुळींच मान्य केलें नाहीं. तरीही १८७८ चा कायदा झाला तो मुख्यतः बेडन-पॉवेलच्या धोरणाचा झाला. राखीव जंगलांत चौकशी करून जो हक्क शाबीत होईल तो नोंदावयाचा, न ठरेल तो नाकारावयाचा. बाकी जें कांहीं द्यावयाचें तें सरकारच्या इच्छेचें.

आतां निस्तारास बेडन-पॉवेलची कसोटी लावून पाहा. धनी निश्चित आहे काय? नाहीं, आज गांवांत दहा चुली आहेत, उद्यां बारा होतील. प्रमाण निश्चित आहे काय? नाहीं; तें गरजेवर आहे, आणि घर पडलें त्या वर्षीं गरज वाढते. म्हणजे ज्या गुणांमुळें निस्तार हा निस्तार आहे, त्याच गुणांमुळें तो ‘हक्क’ ठरत नाहीं. तेव्हां त्यास ‘सवलत’ म्हणण्याखेरीज गत्यंतर उरलें नाहीं. सवलत देणाऱ्याची असते, ती तो परतही घेऊं शकतो. शब्दाच्या निवडीबरोबर देणारा व घेणारा यांचें नातें पालटलें तें असें.

४

वस्तुतः इंग्रजी भाषेंत निस्ताराचा एक सख्खा नसला तरी चुलत भाऊ आहे, आणि तो बेडन-पॉवेलच्याच देशांतील जुन्या जंगलकायद्यांत सांपडतो. त्याचें नांव ‘एस्टोव्हर्स’. नॉर्मन लोकांनीं इंग्लंडांत आणलेल्या फ्रेंच भाषेंत ‘एस्टोव्हर’ म्हणजे गरज असणें, लागणें. त्या क्रियापदाचेंच नाम होऊन ‘जें लागतें तें’ असा एस्टोव्हर्सचा अर्थ झाला. पुढें चरितार्थासाठीं लागणाऱ्या नेमणुकीसही हाच शब्द लागला, आणि दुसऱ्याच्या किंवा सामायिक झाडींतून घराच्या गरजेपुरतें लांकूड नेण्याचा जो अधिकार, त्यासही हाच. तिसऱ्या हेन्रीच्या बाळपणीं, १२१७ त, जंगलाची सनद निघाली. त्याच सालीं पुन्हां काढलेल्या मोठ्या सनदेंत विधवेस सामायिक झाडींतून रास्त एस्टोव्हर्स मिळावे असें कलम घातलें गेलें. गरज, निभाव आणि रान या तिन्ही अर्थांचा संगम एका शब्दांत झालेला येथें दिसतो. निस्ताराशीं इतकें साम्य दुसऱ्या कोणत्याही इंग्रजी शब्दाचें नाहीं.

हें साम्य वरवरचें नाहीं, हें पोटभेद पाहिले असतां कळून येतें. एस्टोव्हर्सच्या लांकडास जुन्या इंग्रजींत ‘बोट’ म्हणत. या शब्दाचा नावेशीं संबंध नाहीं. त्याचा अर्थ भरपाई, डागडुजी, बिघडलें तें नीट करणें. म्हणजे आपल्या ‘निस्तरणें’ या क्रियापदाच्या अगदीं शेजारचा. हे बोट मुख्यतः चार. हाउस-बोट म्हणजे घराचें लांकूड. झाडीपट्टींत मयाल, फाटे व छपराचा बांबू. प्लाउ-बोट म्हणजे औताचें लांकूड. येथें नांगर, वखर व खाचर यांचे सुटे भाग. हे-बोट म्हणजे कुंपणाचें लांकूड; येथें बांधी व वाडी यांभोंवतीं लावावयाचे काटे व बांबू. फायर-बोट म्हणजे सरपण. इंग्लंडांतील तेराव्या शतकांतील कुळाचें आणि वैनगंगेकांठच्या एकोणिसाव्या शतकांतील कुळाचें वर्ष या चार लांकडांवर सारखेंच तरत होतें. दोहोंकडे विक्रीस मनाई, दोहोंकडे गरज हेंच माप. ‘रास्त’ हा इंग्रजी शब्द आणि ‘लागेल तेवढें’ हा आपला प्रयोग एकाच कामाचे. म्हणजे दुसरा व तिसरा खांब एस्टोव्हर्स या शब्दावर चांगले उभे राहतात.

असें असतां अंमलदारांनीं हा शब्द उचलला कां नाहीं? एक कारण उघड आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत तो इंग्लंडांतच वकिलांच्या पुस्तकांपुरता उरला होता. पण याहून खोल कारण पहिल्या खांबांत आहे.

एस्टोव्हर्स हा जमीन किंवा घर धारण करणाराचा अधिकार होता, गांवच्या वाटेल त्या रहिवाशाचा नव्हे. हा भेद १६०७ त ‘गेटवर्डचा खटला’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या निवाड्यानें कायमचा ठरून गेला. लिंकनशायरांतील एका गांवच्या रहिवाशांनीं गुरें चारण्याचा अधिकार केवळ रहिवासाच्या बळावर सांगितला होता. न्यायाधीशांनीं तो मानला नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, रहिवाशी आज येतो, उद्यां जातो. अशा बदलत्या समूहाचा दुसऱ्याच्या जमिनीवर कायमचा हक्क असूं शकत नाहीं, कारण तो सोडून देण्यास समर्थ असा कोणी एक धनीच त्यांत नाहीं. तेव्हांपासून इंग्रजी कायद्याच्या शिस्तींत वाढलेल्या माणसास ‘गांवकऱ्यांचा हक्क’ हें जवळजवळ वदतोव्याघात वाटूं लागलें. बेडन-पॉवेल यानें अलाहाबादेस जो युक्तिवाद केला त्याच्या मागें ही पावणेतीनशें वर्षांची शिकवण उभी होती, असें आम्हांस वाटतें. त्याचा तर्क देशी राजांच्या इतिहासावर आधारलेला दिसतो. पण त्याच्या ‘हक्क’ या शब्दाची घडण इंग्लंडची आहे.

५

हा भेद प्रत्यक्षांत काय करतो तें एका गांवावरून दाखवितां येईल. उदाहरणादाखल वडशाच्या आसपासचें मालगुजारी गांव घ्या व त्यांत तीन घरें कल्पा. एक धानाच्या बांधीचें कूळ, एक लोहार, आणि एक भूमिहीन विधवा.

कुळाचें काम सोपें आहे. त्याच्या घराचें, औताचें, कुंपणाचें व चुलीचें लांकूड एस्टोव्हर्समध्यें जसेंच्या तसें बसतें. इंग्रज अंमलदारानें हा शब्द वापरला असता तरी कुळाचें कांहीं बिघडलें नसतें. लोहाराच्या बाबतींत अडचण येते. त्याचा कोळसा घरखर्चाचा नाहीं, धंद्याचा आहे. आणि त्याजपाशीं शेतही नाहीं. तरी गांवाच्या दृष्टीनें त्याचा भाता पेटला नाहीं तर कोणाचाच फाळ शेवटला जाणार नाहीं; म्हणून त्याचा कोळसा हा गांवाचाच निस्तार. एस्टोव्हर्स त्यास ओळखत नाहीं, निस्तार ओळखतो. विधवेचें सरपण १२१७ च्या सनदेंतील विधवेची आठवण करून देतें, पण साम्य तेथेंच थांबतें; सनदेंतील विधवा ही जमीनधारकाची विधवा, नवऱ्याच्या जमिनीच्या आधारें तिला तें लांकूड मिळे. आमच्या विधवेचा आधार तिची चूल हाच.

याच विधवेवरून निस्ताराचीही मर्यादा दिसते. चैत्रांत ती मोहाचीं फुलें वेंचते. त्यांतील घरीं खाण्यापुरतीं निस्ताराचीं. पण उरलेलीं ती बाजारांत नेते, आणि त्यावरच तिचें मीठ-मिरची चालतें. विक्री आली कीं निस्ताराचा शब्द तिचें रक्षण करीत नाहीं. आमचा शब्द इंग्रजी शब्दाहून व्यापक आहे, पण तो सर्वव्यापी नाहीं. हें न ओळखतां जंगलावरील सर्वच अधिकारांस निस्तार म्हणण्याची जी चाल कोठें कोठें दिसते, ती शब्दाचा घात करणारी आहे.

६

मालगुजारी असेपर्यंत निस्तार हा रयतेचा मालगुजाराविरुद्धचा दावा होता, व सरकार मधला पंच होतें. ३१ मार्च १९५१ या दिवशीं मध्यप्रदेशच्या कायद्यानें मालगुजाऱ्या व जमीनदाऱ्या नष्ट झाल्या, आणि त्यांची झाडी सरकारांत आली. रयतेवरील एक धनी गेला हें खरें. पण निस्ताराच्या दृष्टीनें पंचच मालक झाला. मालगुजाराविरुद्ध जो दावा होता तो आतां सरकारकडील मागणी ठरला, आणि ‘सवलत’ या जुन्या प्रतिशब्दास नवें बळ आलें. मराठींतही लोक ‘निस्तार सवलत’ असें म्हणूं लागले. म्हणजे इंग्रजीचें चुकीचें भाषांतर फिरून मूळ शब्दाच्या गळ्यांत पडलें.

तथापि महसुली कायद्यानें मूळ अर्थ अगदींच टाकला नाहीं, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. विदर्भ १९५६ त मुंबई राज्यांत व १९६० त महाराष्ट्रांत आला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत, १६१ व्या कलमान्वयें, गांवच्या बिनलागवडीच्या जमिनीसाठीं ‘निस्तार पत्रक’ करण्याची तजवीज आहे, आणि ‘वाजिब-उल-अर्ज’ही त्याच प्रकरणांत नांवासकट राहिला आहे. निस्तार पत्रकांत शेतीच्या गुरांस मोफत चराई, रहिवाशांस घरखर्चापुरता जंगलाचा माल मोफत, आणि गांवच्या कारागिरांस त्यांच्या धंद्यासाठीं सवलती यांची सोय करावयाची आहे. वाचकांनीं पाहावें, येथें खातेदार हा शब्द नाहीं, रहिवाशी हा आहे. आणि आमचा लोहारही त्यांत आहे. १६०७ त इंग्लंडच्या न्यायाधीशांनीं ज्या समूहास दार बंद केलें होतें तो येथें चुलीसकट आंत आला. इंग्रजींत लिहिलेल्या कायद्यास हें साधलें तें ‘निस्तार’ या शब्दाचें भाषांतर न केल्यामुळें, असें आमचें मत आहे.

शेवटचें पाऊल २००६ च्या वनहक्कांच्या कायद्यांत पडलें. त्याच्या तिसऱ्या कलमांत सामूहिक हक्क सांगतांना इंग्रजी मजकुरांत ‘निस्तार’ हाच शब्द घातला असून, तो कोणत्याही नांवानें ओळखला जात असो, संस्थानी वा जमीनदारी अमलांतील असो, तो हक्क होय, असें म्हटलें आहे. ‘हक्क’ आणि ‘निस्तार’ हे दोन शब्द, जे १८७८ च्या धोरणाप्रमाणें एकत्र बसूं शकत नव्हते, ते येथें एका ओळींत आले. मोहासारख्या गौण वनोपजाची मालकी व विक्री ही मात्र निस्तारांत न कोंबतां निराळ्या पोटकलमांत दिली आहे. विधवेच्या टोपलींतील घरचीं फुलें व बाजारचीं फुलें यांतील भेद कायद्यानेंही ओळखला आहे. गडचिरोली जिल्ह्यांतीलच धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) या गांवास २००९ त सुमारें १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तो मागणारी ग्रामसभा ही रहिवाशांचीच सभा होय.

७

जुने कागद बाळगणाऱ्यांस या विवेचनाचा उपयोग असा. गांवचें वाजिब-उल-अर्ज, निस्तार पत्रक, किंवा मालगुजार व कुळें यांमधील तंट्याचा एखादा निवाडा हातीं आला, तर त्यांत निस्तार शब्द आहे एवढ्यावर समाधान मानूं नये. पहिल्यानें घेणारा कोण लिहिला आहे तें पाहावें. ‘कुळें’ किंवा ‘काश्तकार’ असेल तर लिहिणाऱ्याच्या मनांत एस्टोव्हर्ससारखी जमिनीस बांधलेली कल्पना आहे. ‘रहिवाशी’, ‘गांवकरी’ किंवा जातवार कारागिरांचीं नांवें असतील तर तो खरा निस्तार. दुसरें, माप कसें दिलें आहे तें पाहावें. गाड्यांची किंवा ओझ्यांची संख्या बांधली असेल तर तेथें हक्काची निश्चितता आणण्याचा अंमलदाराचा हात दिसतो. ‘गरजेपुरतें’, ‘घरखर्चाचें’ असें असेल तर गांवची जुनी रीत बोलते. तिसरें, क्रियापद पाहावें. ‘नेतात’ हें रीत सांगणारें, ‘नेण्याचा हक्क आहे’ हें दावा सांगणारें, आणि ‘नेऊं दिलें जाईल’ हें सवलत सांगणारें. एकाच गांवच्या निरनिराळ्या सालच्या कागदांत हें क्रियापद बदललेलें आढळल्यास त्या बदलाचें साल टिपून ठेवावें. गांवची झाडी कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेली याची ती नेमकी तारीख ठरण्याचा संभव आहे.

सारांश, निस्तारास सर्वांत जवळचा इंग्रजी शब्द एस्टोव्हर्स हा होय. गरज हें माप व विक्रीस मनाई, या दोन अंगांनीं तो पुरा उतरतो. ‘निस्तरणें’ यांतील डागडुजीचा भावही ‘बोट’ या जोडशब्दांत आहे. परंतु तो जमिनीचा आहे व निस्तार चुलीचा आहे. या एका अंतरामुळें लोहार व भूमिहीन बाहेर पडतात. म्हणून इंग्रजी वाचकास समजावितांना एस्टोव्हर्स सांगावा, आणि लगेच त्यापुढें ‘पण शेत नसलेल्यासही’ एवढे शब्द जोडावे. कागद लिहितांना मात्र मूळ शब्दच ठेवावा.